“देअर म्हणजे तिकडे ना, बाई?” : चित्रवर्णनातून इंग्रजी बोलायला शिकवताना



मागच्या लेखानंतर दोन-तीन जणांनी एकच प्रश्न विचारला. “आमची मुलं इंग्रजी वाचतात, फळ्यावरचं उतरवून घेतात, स्पेलिंगही पाठ करतात. पण चित्र समोर ठेवून ‘सांग बघू काय दिसतंय’ म्हटलं की गप्प. काय करावं?” माझ्या वर्गातही हेच होतं. म्हणून आज फक्त एका चित्राबद्दल आणि त्यावर वर्गात जे तीन आठवडे गेले त्याबद्दल लिहिते आहे.

आधी मुलं कोण ते सांगते. मी वर्सोव्याला मराठी माध्यमाच्या चौथीला शिकवते. वर्गात एकोणतीस मुलं, त्यातली बरीचशी कोळीवाड्यातली. तुम्ही म्हणाल, मुंबईतली मुलं म्हणजे इंग्रजी कानावर असेलच की! मेट्रो स्टेशन जवळ आहे, दुकानांच्या पाट्या इंग्रजी आहेत, सगळं खरं. पण आमची मुलं कोळीवाड्याला ‘गाव’च म्हणतात, आणि गावात इंग्रजी बोलायची वेळ येते कुठे? घरी कोळी बोली, शाळेत मराठी, नाक्यावर हिंदी. इंग्रजी दिसतं भरपूर, बोलावं कधीच लागत नाही. याआधी मी पालघरकडच्या एका खेड्यात होते, तिथल्या मुलांत आणि यांच्यात या बाबतीत मला काडीचाही फरक वाटला नाही. आपल्याकडे सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे चौथीतल्या मुलाने तीन वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं आणि तरी स्वतःचं म्हणून एकही वाक्य बोललेलं नसतं.

वर्गात एक मुलगी आहे. नाव देत नाही. मराठीत धबाधबा बोलणारी, पण इंग्रजीच्या तासाला बाकाखाली वाकून चप्पल शोधणारी. तिची आई बाजारात मासळी विकायला बसते. जुलैमधल्या पालकसभेत ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाई, हिला इंग्लिश मिडियमला घालायला सांगतात सगळे. पाचवीला नेऊ का? तुम्ही सांगाल तसं.” मी तिला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. सांगून तर बसले, पण रात्री झोप आली नाही, कारण त्या दिवसापर्यंत त्या मुलीच्या तोंडून मी ‘येस टीचर’पलीकडे काही ऐकलं नव्हतं.

चित्र कोणतं घ्यायचं

आधी मी पाठ्यपुस्तकातलं बागेचं चित्र घेत असे. झोपाळा, कारंजं, फुगेवाला. मुलं त्यातलं काहीच बोलत नसत. नंतर लक्षात आलं की मुलाला दोन कामं एकदम करायला लागत होती. एक तर चित्रात काय चाललंय ते समजून घ्यायचं, आणि वर ते परक्या भाषेत सांगायचं. यातलं पहिलं काम आपण काढून टाकू शकतो.

म्हणून मी खाडीच्या कडेला जाऊन मोबाइलवर एक फोटो काढला आणि झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या कागदावर रंगीत छापून आणला. फोटोत तीन होड्या, त्यांवर झेंडे. एक माणूस खाली बसून जाळ्यावर काम करतोय. दोन बायका टोपलीतली मासळी निवडतायत. मागे दोरीवर बोंबील वाळतायत. एक निळं पिंप, आणि होडीच्या वरून उडणारा एक कावळा. बस, एवढंच. मोजलं तर सात-आठ गोष्टी आणि दोन-तीन कामं. चित्रात यापेक्षा जास्त गर्दी असली की मूल कुठून सुरुवात करायची यातच अडकतं, आणि यापेक्षा कमी असलं तर दुसऱ्या मुलाला बोलायला काही उरत नाही. चित्रात कोणीतरी काहीतरी करत असलं पाहिजे, हे मात्र नक्की पाहा. नुसत्या वस्तूंच्या चित्रातून नावांची यादी मिळते, वाक्य मिळत नाही.

पहिले दोन दिवस बोलायचंच नाही

पहिल्या दिवशी मी कुणालाच बोलायला सांगितलं नाही. मी वाक्य म्हणायचं आणि मुलांनी पुढे येऊन बोट ठेवायचं. “देअर इज अ बोट” म्हटल्यावर पहिल्याच मुलाने स्वतःचं बोट वर करून दाखवलं आणि वर्ग हसून लोळला! मराठीतलं बोट आणि इंग्रजीतली बोट. त्या हसण्याने निम्मी भीती गेली, हे कबूल करायला हवं. एरवी मी असा विनोद ठरवून करू शकले नसते.

दुसऱ्या दिवशीही ऐकणं आणि बोट ठेवणंच, फक्त मधूनमधून मी मुद्दाम चूक वाक्य म्हणायचे. “देअर इज अ डॉग.” कुत्रा नाहीच चित्रात. मुलांनी टाळी वाजवायची. हे वाटतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे. वाक्य खरं की खोटं हे ठरवण्यासाठी मुलाला अर्थ लावावा लागतो. नुसतं माझ्यामागून म्हणायला सांगितलं असतं तर अर्थाची गरजच नव्हती.

साचा म्हणजे काय

आपण डी.एड.ला सबस्टिट्यूशन टेबल शिकलो आहोत. हॅरॉल्ड पामर यांनी १९१६ साली अशा शंभर तक्त्यांचं पुस्तकच काढलं होतं. वाक्याचा एक भाग पक्का, दुसऱ्या भागात शब्द बदलत राहायचे. वाक्याचा साचा म्हणजे मूळ कल्पना तीच. फरक एवढाच की तक्त्यात सगळे शब्द आपणच भरलेले असतात, मुलाने फक्त निवडायचं. साच्यात जागा मोकळी असते आणि ती मुलाने चित्राकडे बघून भरायची असते. मी तीनच साचे घेतले, आणि एका वेळी फळ्यावर एकच ठेवला.

पहिला साचा: देअर इज अ ____ . एकापेक्षा जास्त असतील तर देअर आर ____ .

इथेच पहिली अडचण आली, आणि तीही एका हुशार मुलाकडून. “बाई, देअर म्हणजे तिकडे ना? पण होडी तर इकडेच आहे.” प्रश्न अगदी बरोबर! आपण मुलांना देअर म्हणजे तिथे असं पाठ करून घेतलेलं असतं. मराठीत ‘चित्रात एक होडी आहे’ म्हणताना या देअरसाठी शब्दच नाही. इंग्रजीला वाक्याच्या सुरुवातीची जागा रिकामी चालत नाही, म्हणून तिथे हा देअर नुसता बसवलेला असतो. मी मुलांना एवढंच सांगितलं की हा तिकडेवाला देअर नाही, ‘आहे’ सांगायला सुरुवात करतानाचा देअर आहे. बोट दाखवायचं नाही, जोरही द्यायचा नाही, पटकन म्हणून पुढे जायचं, ‘देअरिज’ असं एकत्र. जोर बोटवर. हे केलं नाही तर मुलं “इन पिक्चर वन बोट इज” म्हणतात, म्हणजे मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून. तुमच्या वर्गात हे ऐकू आलं तर समजा की साचा अजून कानात बसलेला नाही. व्याकरण समजावण्याऐवजी परत एक दिवस ऐकण्याचा घ्या.

मोकळ्या जागेत मी मराठी शब्द चालवून घेतला. “देअर आर बोंबील.” “देअर इज अ टोपली.” काही सहकाऱ्यांना हे पटलं नाही. पण मला या टप्प्यावर शब्द शिकवायचा नव्हता, वाक्य तोंडात बसवायचं होतं. टोपलीसाठी बास्केट हा शब्द मागणी आल्यावर दिला, आणि मागून घेतलेला शब्द मुलं विसरत नाहीत. बोंबलाला इंग्रजीत बॉम्बे डक म्हणतात हे सांगितल्यावर मात्र वर्गाने ते साफ नाकारलं. “बाई, बदक कुठाय त्याच्यात?” शेवटी बोंबीलच ठेवला.

दुसरा साचा: द ____ इज ____ इंग. म्हणजे कोण काय करतंय.

यात हमखास होणारी चूक म्हणजे मधला इज खाणं. “वुमन सेलिंग फिश.” “मॅन सिटिंग.” किती वर्षं मी हे नुसतं दुरुस्त करत राहिले. मग एकदा फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं, ‘बाई मासे विकतेय.’ विचारलं, यात ‘आहे’ कुठे आहे? मुलं म्हणाली, नाहीये. मी ‘विकतेय’ फोडून लिहिलं, ‘विकते आहे.’ तो शेवटचा ‘य’ म्हणजेच लपलेला आहे. बसतोय, बसतो आहे. उडतोय, उडतो आहे. इंग्रजीत तो लपत नाही, बाहेर उभा राहतो, एवढंच. मग कोणी इज खाल्लं की मी काही न बोलता हवेत ‘य’ काढायचे आणि मूल स्वतःच वाक्य परत म्हणायचं. हा ‘य’ माझ्या वर्गात फार उपयोगी पडला. तुम्ही करून पाहा. कोकणात किंवा विदर्भात मुलांच्या बोलीत हे रूप वेगळं असेल तर तिथल्या रूपातून ‘आहे’ शोधावा लागेल.

क्रियापदं मी अभिनयाने घेतली. एकाने करायचं, बाकीच्यांनी सांगायचं. इथे एक सावधगिरी. इंग एकदा आवडलं की मुलं ते सगळीकडे लावतात. “बोट इज हॅविंग फ्लॅग.” असं झालं की दुसरा साचा थांबवून ‘द बोट हॅज अ ____’ असा छोटा उपसाचा द्यावा. त्यासाठी वेगळा तास घ्यायची गरज नाही.

तिसरा साचा जागेचा: द ____ इज इन / ऑन / अंडर / बिहाइंड द ____ .

मराठीत आपण ‘टोपलीत’, ‘होडीवर’ असं शब्दाला मागून जोडतो, म्हणून “बोट ऑन” असं उलटं येतं. मी तीन रंगांच्या कागदी पट्ट्या केल्या. कोण ती निळी, काय करतंय ती लाल, कुठे ती पिवळी. ‘माणूस होडीजवळ बसलाय’ हे पट्ट्यांवर लावलं की निळी, पिवळी, लाल असा क्रम येतो. इंग्रजीसाठी पिवळी उचलून शेवटी न्यायची. हाताने पट्टी हलवली की क्रम लक्षात राहतो. आणि ‘वर’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्या. कावळा होडीच्या वर उडत होता, पण मुलांनी एकमुखाने सांगितलं, “द क्रो इज ऑन द बोट.” आपल्याला टेकलेलं असो वा अधांतरी, दोन्हीकडे ‘वर’च. मी पट्टीवर खोडरबर ठेवून ऑन म्हटलं, उचलून हवेत धरून ओव्हर म्हटलं. पाचवा शब्द वाढला, पण गरजेने वाढला.

पोपटपंची कशी ओळखायची

आठवड्याभरात वर्ग बोलू लागला आणि मी खूश झाले. चुकीची खूश झाले. ती चप्पल शोधणारी मुलगीही उठून म्हणाली, “देअर इज अ कॅट.” वाक्य नितळ. पण चित्रात मांजर नव्हतं! शेजारणीच्या चित्रात होतं. तेव्हा मी गटांना वेगवेगळी चित्रं दिली होती, आणि हिने आधी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं होतं. चित्राकडे तिने पाहिलंच नव्हतं.

साच्याची हीच मर्यादा आहे. तो तोंड उघडतो, पण डोळे बंद ठेवूनही भरता येतो. वर्गात सगळी वाक्यं बरोबर येऊ लागली आणि सगळ्यांची एकसारखीच असली, तर तो धोक्याचा इशारा समजा. खरं वर्णन दोन मुलांचं एकसारखं येत नाही.

यावर उपाय म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रती केल्या आणि एकीत चार बदल केले. पिंप पांढऱ्या शाईने पुसलं, एक होडी कमी केली, एक मांजर काढलं, आणि माणसाच्या डोक्यावर टोपी. दोन मुलांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकमेकांचं चित्र बघायचं नाही, बोलून चार फरक शोधायचे. आता वाक्याची गरज पडली, कारण दुसऱ्याला खरंच माहीत नव्हतं. जोडीदार म्हणाली, “देअर इज अ कॅट.” आमची मुलगी चित्राकडे वाकली, बोट फिरवलं, आणि म्हणाली, “नो. नो कॅट.”

पूर्ण वाक्य म्हण, असं सांगायला मी तोंड उघडलंच होतं. पण थांबले. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने काही पाहून, ठरवून, इंग्रजीत दुसऱ्याला सांगितलं होतं. मोडकं असेल, पण तिचं होतं. मी जवळ जाऊन नुसतं म्हटलं, “ओह, देअर इज नो कॅट?” ती म्हणाली, “देअर इज नो कॅट.” दुरुस्ती एवढीच. बोलणाऱ्याला मध्येच अडवायचं नाही, त्याचंच वाक्य नीट करून त्याला परत द्यायचं. उचललं तर ठीक, नाही उचललं तरी ठीक.

तिसऱ्या आठवड्यात मी फळ्यावरचा साचा थोडा थोडा पुसत गेले. आधी शेवटचे शब्द, मग इज, मग नुसता ‘दे’ उरला, मग तोही नाही. घाई केली तर मुलं परत एकेका शब्दावर घसरतात. तसं झालं की एक टप्पा मागे यायचं, त्यात कमीपणा नाही. वहीत मी प्रत्येक मुलापुढे दोनच आकडे लिहिले. साचा समोर असताना एका मिनिटात किती वाक्यं, आणि साचा पुसल्यावर किती. दोन आकड्यांतली दरी महिन्याभरात कमी व्हायला हवी. सगळ्यांची झाली नाही. सहा मुलं अजून साच्याकडे बघूनच बोलतात, आणि दोघांना ‘आर’ आणि ‘इज’ यातला फरक अजिबात लागलेला नाही. त्यांच्यासाठी मी फक्त ‘देअर इज’ ठेवलाय सध्या.

पालकांसाठी इथे थोडं. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालतं. घरातला कुठलाही फोटो काढा, लग्नाचा, जत्रेचा. मुलाला मराठीतच विचारा, “अजून काय दिसतंय? तो काय करतोय?” उत्तर त्याने इंग्रजीत द्यायचं. पाच मिनिटं पुरे. चूक काढू नका, आणि पाहुण्यांसमोर “बोलून दाखव” तर मुळीच नको.

ती मुलगी

शेवटच्या तासाला मी पुन्हा पहिलं चित्र लावलं. फळा कोरा. माझ्या टाचणात जाळ्यावर काम करणाऱ्या माणसासाठी वाक्य होतं, “द मॅन इज मेकिंग अ नेट.” तीन आठवडे सगळा वर्ग तेच म्हणत होता. मी तिला विचारलं. ती उभी राहिली, चित्राकडे बघत राहिली.

“बाई, मेकिंग म्हणजे बनवतोय ना?”

“हो.”

“मग तो बनवत नाहीये. सांधतोय. फाटलंय ते जाळं.”

वर्गातल्या निम्म्या मुलांनी माना डोलावल्या. त्यांना हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण बाईंनी फळ्यावर मेकिंग लिहिलं म्हणून सगळे मेकिंग म्हणत होते. मला सांधणं याला इंग्रजी शब्द पटकन आठवेना. कपाटातून शब्दकोश काढला, सगळ्यांसमोर शोधला. मेंड.

तिने शब्द एकदा पुटपुटला. मग म्हणाली, “द मॅन इज नॉट मेकिंग अ नेट. द मॅन इज मेंडिंग अ नेट.” नकाराचा साचा मी दिलेलाच नव्हता. ‘देअर इज नो’ वरून ‘इज नॉट’पर्यंत ती कुठून पोचली, मला सांगता येणार नाही. कदाचित हिंदी सिनेमातून, कदाचित मोठ्या भावाकडून.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिची आई आली. पाचवीचं अजून ठरलेलं नाही, असं म्हणाली. मी काही आग्रह केला नाही. फक्त भिंतीवरचं चित्र दाखवून मुलीला म्हटलं, सांग आईला. तिने सहा वाक्यं सांगितली. आईला त्यातलं बोट आणि फिश एवढंच कळलं असावं, पण जाळ्याच्या वाक्यापाशी मुलीने बोट ठेवल्यावर आई मला मराठीत म्हणाली, “त्या दोरीवरचे बोंबील पण नीट सांगा हां बाई, ते अजून ओले आहेत. वाळायला घातलेत आत्ता.”

पुढच्या आठवड्यात ‘वेट’ आणि ‘ड्राय’ घेते आहे. पट्ट्यांसाठी चौथा रंग लागेल.